बिल वेगळं हवं असेल तर ऑर्डर देतानाच सांगा

गेली चौदा वर्षं मी पुण्यातल्या एका हॉटेलच्या काउंटरवर बसते. आमच्याकडे जेवण आहे, परमिट रूम आहे, आणि शनिवार-रविवारी दाराबाहेर नावं लिहून थांबणारी माणसं आहेत. अशा गर्दीत रात्री साडेदहाच्या सुमाराला एखाद्या टेबलावरचे पाच-सहा जण छापलेलं बिल हातात घेऊन काउंटरवर येतात आणि म्हणतात, "ताई, टीटीएमएम आहे. ज्याचं त्याचं वेगळं करून द्या. दोघं कार्ड देतील, बाकीचे स्कॅन करतील."

हे मागण्यात काहीच चूक नाही. ज्याने जे खाल्लं त्याचे पैसे त्याने द्यावेत, हे मला तरी अगदी सरळ वाटतं. पण ही गोष्ट शेवटी मागितली तर त्यात चुका होतात, आणि त्या चुकांचे पैसे बहुतेक वेळा टेबलावरच्या सगळ्यात गप्प माणसाच्या खिशातून जातात. म्हणून माझी विनंती आहे की, खुर्चीवर बसल्यावर, पाण्याचा ग्लास समोर येतो तेव्हाच कॅप्टनला सांगा, "आमचं बिल वेगवेगळं होणार आहे." या एका वाक्याने पुढचं किती काम सोपं होतं, ते काउंटरच्या आतून सांगते.

तुम्ही ऑर्डर देता तेव्हा कॅप्टन ती हातातल्या टॅबवर टाकतो. तिची एक चिठ्ठी स्वयंपाकघरात निघते, तिला आम्ही केओटी म्हणतो. बारवाल्या वस्तूंची चिठ्ठी बारवर निघते. त्याच वेळी आमच्या सिस्टीममध्ये प्रत्येक पदार्थाची एकेक ओळ तयार होते. टेबल नंबर, पदार्थ, नग, दर, त्याला लागणारा कर आणि वेळ हे सगळं त्या ओळीत असतं. याच ओळीत खुर्चीच्या नंबराचीही एक जागा असते. बहुतेक वेळा ती रिकामी राहते, कारण कोणी विचारत नाही आणि कोणी सांगत नाही. तुम्ही आधी सांगितलंत तर कॅप्टन दाराच्या बाजूने खुर्च्या मोजतो, एक-दोन-तीन, आणि प्रत्येक पदार्थाला खुर्ची लावत जातो. मग शेवटी मला एक बटण दाबलं की पाच जणांचे पाच हिशोब समोर दिसतात. तुम्ही आधी सांगितलं नसेल तर मला पंचवीस ओळी एकेक करून ओढाव्या लागतात. "चिकन थाळी कोणाची? सोलकढी किती जणांनी घेतली?" असं भरल्या हॉटेलात ओरडून विचारावं लागतं, आणि उत्तर देणारा स्वतःच्या आठवणीवर विसंबून असतो.

बिल विभागण्याचे तीन प्रकार सिस्टीममध्ये असतात. एकूण रकमेला माणसांनी भागायचं, हा पहिला. दुसऱ्यात प्रत्येकाने आपल्या मनाने रक्कम सांगायची, कोणी हजार देतो, कोणी पाचशे. या दोन्हींत फक्त पैसा विभागला जातो, पदार्थ आहेत तिथेच राहतात. तिसऱ्या प्रकारात मात्र पदार्थांच्या ओळी वेगळ्या केल्या जातात आणि त्यांच्या मागोमाग पैसे जातात. मी बोलतेय ते या तिसऱ्या प्रकाराबद्दल.

एक टेबल धरू. टेबल नंबर 12, एकाच ऑफिसातले पाच जण. दोघं बिअर घेणारे, एक वयाने मोठे काका, एक शाकाहारी ताई आणि एक मुलगा. मुलगा ट्रॅफिकमध्ये अडकून उशिरा आला, त्याने सरळ बिर्याणी मागवली. बिलात 350 रुपयांच्या दोन बिअर आहेत. 280 चा पनीर टिक्का मुलगा सोडून चौघांनी खाल्ला. 320 चं चिकन सुक्कं दोघा बिअरवाल्यांनी आणि काकांनी मिळून घेतलं. बिअरवाल्यांच्या 340 च्या दोन चिकन थाळ्या, काकांची 450 ची मटण थाळी, ताईंची 240 ची व्हेज थाळी, मुलाची 310 ची बिर्याणी, आणि काका व ताई यांच्या 60 रुपयांच्या दोन सोलकढ्या.

जेवण झालं 2400 रुपयांचं. आमच्यासारख्या हॉटेलात जेवणावर 5 टक्के जीएसटी लागतो, अर्धा केंद्राचा आणि अर्धा राज्याचा. म्हणजे 120 रुपये. बिअर झाली 700 रुपयांची. दारूवर जीएसटी लागतच नाही, राज्याचा व्हॅट लागतो, आणि या बिलावर तो 10 टक्क्यांनी छापला होता, म्हणजे 70 रुपये. सगळं मिळून 3290.

पाचांनी भागलं तर प्रत्येकी 658. आता पदार्थाप्रमाणे बघा. मुलाची बिर्याणी 310 ची, त्यावर साडेपंधरा रुपये कर, एकूण 325 रुपये 50 पैसे. ताईंची थाळी, सोलकढी आणि टिक्क्याचा चौथा हिस्सा मिळून 370, करासकट 388 रुपये 50 पैसे. बिअरवाल्यांचे प्रत्येकी 927 रुपये 50 पैसे होतात. समान भागणीत हा मुलगा स्वतःच्या जेवणापेक्षा 332 रुपये 50 पैसे जास्त देऊन घरी गेला असता. नोकरीला नवीन लागलेला मुलगा साहेबांसमोर "माझी तर फक्त बिर्याणी होती" असं म्हणत नाही. मी असे चेहरे रोज बघते, म्हणूनच हे लिहायला बसले.

यात नीट बघण्यासारखी पहिली गोष्ट म्हणजे कर. व्हॅट बिअरच्या ओळीला चिकटलेला आहे. बिअर ज्याच्या हिशोबात गेली, त्याच्याकडेच तो कर गेला पाहिजे. पदार्थाप्रमाणे नीट विभागणी करणारी सिस्टीम आधी ओळी वेगळ्या करते आणि मग प्रत्येकाच्या ओळींवर कर लावते. काही ठिकाणी मात्र घाईत उलटं करतात. पदार्थ वाटून झाले की बिलाच्या तळाचे सगळे कर एकत्र करून माणसांत सारखे वाटतात. आपल्या टेबलाचे कर आहेत 190 रुपये, पाचांत 38 प्रत्येकी. मग बिअरला हातही न लावलेल्या ताईंना साडेअठराच्या जागी 38 भरावे लागतात. हे ओळखणं सोपं आहे. तुमच्या हिश्शाच्या कागदावर दारू नसेल तर व्हॅटची ओळच दिसता कामा नये, आणि जेवणाच्या रकमेला वीसने भागलं की जीएसटी जुळला पाहिजे. 370 भागिले 20, साडेअठरा. एवढा हिशोब तोंडी होतो, तो करा.

सेवा शुल्काचंही इथेच सांगून टाकते. ते सक्तीने लावता येत नाही, असं दिल्ली उच्च न्यायालयाने 28 मार्च 2025 च्या निकालात म्हटलं आहे. तुम्हाला ते द्यायचं नसेल तर बिल वेगवेगळं करण्याआधी काढून घ्या. पाच हिश्शांत वाटलं गेल्यावर ते पाच ठिकाणांहून काढावं लागतं आणि एखादं राहून जातं.

दुसरी गोष्ट वाटून खाल्लेल्या पदार्थांची. भांडणं होतात ती इथेच. सिस्टीम एका पदार्थाचे भाग करू शकते, अर्धा, तिसरा हिस्सा, चौथा हिस्सा. पण कोणी खाल्लं आणि कोणी नाही, हे तिला कसं कळणार? कॅप्टनने "टेबलासाठी" म्हणून टाकलेला पदार्थ आपोआप सगळ्या खुर्च्यांत वाटला जातो, उशिरा आलेल्या मुलाच्या खुर्चीतही. त्यामुळे स्टार्टर मागवतानाच सांगा, "हे आम्हा चौघांत." आणि चौघांतल्या कोणी दोनच तुकडे खाल्ले तर ते धरू नका. तुकडे मोजायला लागलं की हिशोब कधीच संपत नाही, आणि मला तरी ते शोभणारं वाटत नाही.

आता पैशांच्या बारीक गोष्टीकडे येऊ, कारण पाच हिश्शांची बेरीज मूळ बिलाशी जुळली नाही की लोक काउंटरवर चिडतात. 320 चं सुक्कं तिघांत वाटलं की 106 रुपये 66 पैसे येतात आणि वर दोन पैसे उरतात. म्हणून सिस्टीम दोघांना 106.67 लावते आणि तिसऱ्याला 106.66. वर कराचेही पैसे असेच तुटतात. आपल्या टेबलावर जीएसटी एकत्र धरून हिशोब केला तर दोघांचे 927.50, काकांचे 720.99, ताईंचे 388.50 आणि मुलाचे 325.50, बेरीज 3289.99 येते. एक पैसा कमी. जिथे केंद्राचा आणि राज्याचा कर वेगवेगळा काढून पूर्ण पैशांत आणतात, तिथे एक-दोन पैसे जास्तही येतात. चांगली सिस्टीम हा उरलेला पैसा शेवटच्या माणसाच्या हिश्शात टाकते आणि बिल शून्यावर आणते. त्यामुळे मुलाच्या मोबाइलवर 325.51 दिसलं तर ती चूक नाही.

हे झालं एकाच बिलावर पाच जणांनी पैसे भरले तर. पाच स्वतंत्र बिलं मागितलीत तर गोष्ट वेगळी होते. प्रत्येक बिल पूर्ण रुपयात आणलं जातं. 927.50 चे 928 होतात, दोन वेळा. 720.99 चे 721, 388.50 चे 389, 325.50 चे 326. बेरीज 3292. मूळ बिलापेक्षा दोन रुपये जास्त. कोणी तुम्हाला लुबाडलेलं नाही. पाच ठिकाणी पूर्णांक केल्यामुळे हे दोन रुपये वाढले, आणि कागदावर "राउंड ऑफ" म्हणून ते छापलेले असतात. फरक पाच-दहा रुपयांचा असेल तर मात्र थांबा आणि विचारा, कारण पाच बिलांत पूर्णांकाने अडीच रुपयांपेक्षा जास्त फरक पडूच शकत नाही. तिथे एखादा पदार्थ दोनदा लागलेला असतो किंवा कर चुकीचा बसलेला असतो.

एक बिल आणि पाच पेमेंट हवीत, की पाच बिलं, हेही आधी ठरवा. ज्याला ऑफिसातून पैसे परत घ्यायचे आहेत, त्याला स्वतःच्या पदार्थांचं, स्वतःचा नंबर असलेलं बिल लागतं. कार्डाची नुसती स्लिप चालत नाही, आणि 3290 च्या बिलावर पेनाने गोल केलेला आकडाही हिशोबखातं मान्य करत नाही. बाकीच्यांना एकाच बिलावर भरलेलं पुरतं. आमच्या सिस्टीममध्ये एकाचं वेगळं आणि चौघांचं एकत्र असंही करता येतं. पण ते बिल छापण्याच्या आधी.

छापण्याच्या आधी, यावर मी जोर का देते? जीएसटीच्या नियमाप्रमाणे बिलांचे नंबर ओळीने चालावे लागतात, मधला नंबर गायब करता येत नाही. छापलेलं बिल मोडून पाच करायची म्हणजे पहिलं रद्द करायचं, कारण लिहायचं, आणि मॅनेजरचा पासवर्ड टाकायचा. छापलेल्या बिलात बदल करणं हा हॉटेलांत चोरीचा फार जुना मार्ग आहे. गिऱ्हाइकाला बिल दाखवून रोख पैसे घ्यायचे आणि मग बिलातून दोन पदार्थ काढून टाकायचे, असं चालायचं. म्हणून मालक रोज सकाळी रद्द केलेल्या बिलांची यादी बघतात आणि प्रत्येकाचं कारण विचारतात. तुम्ही शेवटी मागितल्यावर काउंटरवरची मुलगी टाळाटाळ करते ती आळसामुळे नाही. त्या यादीत तिचं नाव येतं.

आता स्कॅन करून पैसे देण्याबद्दल. कोड दोन प्रकारचे असतात, आणि यातला फरक प्रत्येकाने समजून घ्यावा अशी माझी फार इच्छा आहे. टेबलावर किंवा काउंटरवर चिकटवलेला कोड एकच असतो, सगळ्यांसाठी. त्यात हॉटेलचा पत्ता आहे, रक्कम नाही. दुसरा कोड तुमच्या हिश्शासाठी त्या क्षणी तयार होतो, बिलावर छापला जातो किंवा मशीनच्या पडद्यावर दिसतो. त्याच्या आत अशी ओळ असते:

```
upi://pay?pa=hotel@bank&pn=Hotel&tr=T120847P4&am=388.50&cu=INR
```

`pa` म्हणजे पैसे कुठे जाणार तो पत्ता, `pn` म्हणजे नाव, `am` म्हणजे रक्कम आणि `cu` म्हणजे चलन. सगळ्यात महत्त्वाचं आहे ते `tr`. टेबल 12, बिल 847, चौथा हिस्सा, ही खूण त्यात आहे. ताईंनी हा कोड स्कॅन करून पिन टाकला की पैशांसोबत ही खूणही प्रवास करते. सिस्टीमला बँकेकडून निरोप येतो तेव्हा ती बरोबर ताईंचा हिस्सा "भरला" करते आणि त्यातले पदार्थ कुलूपबंद करते. मग तोच हिस्सा दुसऱ्या कोणी चुकून भरायला घेतला तर सिस्टीम अडवते.

चिकटवलेल्या कोडवर यातलं काही होत नाही. माझ्या स्वतःच्या हातून झालेली गोष्ट सांगते. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे फक्त स्टिकर आणि रक्कम बोलून दाखवणारा साउंड बॉक्स होता. एका रविवारी दोन टेबलांवर 480-480 रुपयांचे हिस्से होते. बॉक्स एकदा बोलला, "480 रुपये प्राप्त झाले." मी समोर उभ्या असलेल्या माणसाचे धरले आणि त्याला जाऊ दिलं. पैसे होते पलीकडच्या टेबलावरच्या आजींच्या नातवाचे. मी त्याला म्हटलं, "दादा, तुमचे आले नाहीत." तो मोबाइल दाखवत राहिला, मला वाटलं तो जुना स्क्रीनशॉट आहे. आजींनी पर्समधून रोख 480 काढून दिले आणि एक शब्द न बोलता उठल्या. रात्री हिशोब जुळवताना चूक कळली. त्यांना दुसऱ्या दिवशी फोन करून पैसे परत केले, पण पुन्हा त्या आमच्याकडे आल्या नाहीत. बॉक्स रक्कम सांगतो, टेबल सांगत नाही, हे मी त्या रात्री शिकले.

म्हणून बिल विभागून भरताना रक्कम आधीच भरलेला कोड मागा. स्कॅन केल्यावर रक्कम तुम्हालाच टाकावी लागत असेल, तर तो स्टिकरचा कोड आहे हे ओळखा. तेवढाच कोड उपलब्ध असेल तर एकेकाने भरा, सगळ्यांनी एकदम नको. शेऱ्यात टेबल नंबर लिहा, आणि व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक काउंटरला दाखवून बिलावर लिहून घ्या. पिन टाकण्याआधी पडद्यावर हॉटेलचं नाव येतंय ना, तेही बघा. हॉटेलच्या स्टिकरवर दुसऱ्याच कोणाचा स्टिकर चिकटवून ठेवल्याचे प्रकार होतात.

कार्डाचं थोडक्यात. काही हॉटेलांत सिस्टीम रक्कम स्वतः कार्ड मशीनकडे पाठवते, काही ठिकाणी कॅशियर हाताने आकडे दाबतो. हाताने दाबताना 927.50 चे 9275 व्हायला एक बोट पुरतं. 5000 रुपयांपर्यंत कार्ड नुसतं टेकवून पिनशिवाय पैसे जाऊ शकतात, म्हणजे रक्कम तपासायची शेवटची संधी कार्ड टेकवण्याआधीच असते. मशीन आपल्याकडे फिरवून घ्या, आकडा वाचा, मग टेकवा. कोणाला राग येत नाही.

चूक झालीच तर ती त्याच रात्री सांगा. कार्डाचा व्यवहार मशीनचं रोजचं सेटलमेंट होईपर्यंत त्याच मशीनवर रद्द करता येतो, त्याला आम्ही व्हॉइड म्हणतो. सेटलमेंट झाल्यावर परतावा करावा लागतो आणि तो कार्डावर यायला काही दिवस जातात. यूपीआयमध्ये रद्द करणं असा प्रकार नाही, हॉटेलने मूळ व्यवहारावर परतावाच करावा लागतो. चुकीचा पदार्थ तुमच्या हिश्शात भरला गेला असेल तर आपसात समजून घेणं हाच जवळचा रस्ता आहे. शेजारी बसलेल्या मित्राने तुम्हाला 106 रुपये पाठवावेत, आम्हाला दोन्ही बिलं उघडायला लावू नका.

आणि आता तो प्रसंग, ज्यात सगळ्यात जास्त पैसे दोनदा जातात. पाचांतल्या चौघांचे भरले गेले, पाचव्याच्या मोबाइलवर पैसे कापल्याचा मेसेज आला आणि आमच्या पडद्यावर मात्र "बाकी 325.51" तसंच आहे. मोबाइलवर चक्र फिरतंय, व्यवहार प्रलंबित आहे. वेटर म्हणतो, पुन्हा मारा. पुन्हा मारू नका. आधी काउंटरला सांगा, "या हिश्शाची स्थिती तपासा." आपल्या `tr` च्या खुणेवरून सिस्टीम बँकेला विचारू शकते की या व्यवहाराचं काय झालं, आणि बऱ्याचदा मिनिटा-दोन मिनिटांत उत्तर येतं. यशस्वी असं उत्तर आलं तर तुम्ही मोकळे. अयशस्वी आलं तर पुन्हा भरा. उत्तरच आलं नाही तर रोख द्या, किंवा टेबलावरच्या दुसऱ्या कोणाला तो हिस्सा भरू द्या, आणि बारा आकडी क्रमांक जपून ठेवा.

अशा वेळी कापलेले पैसे कुठे जातात, हे लोक मला घाबरून विचारतात. रिझर्व्ह बँकेच्या 20 सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकात याचं उत्तर आहे. दुकानदाराला यूपीआयने पैसे दिले, खात्यातून कापले गेले, पण दुकानदाराला खात्री मिळाली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत ते आपोआप परत यायला हवेत. त्याहून उशीर झाला तर दर दिवसाला 100 रुपये भरपाई बँकेने द्यायची आहे. कार्ड मशीनवर पैसे कापले आणि स्लिप निघाली नाही, तरी हीच मुदत आणि हीच भरपाई. पैसे आले नाहीत तर बँकेकडे जा, तो क्रमांक घेऊन. हॉटेलवाला इथे फारसं काही करू शकत नाही, कारण पैसे त्याच्याकडे पोचलेलेच नसतात.

सवलतींचं एक राहिलं. हॉटेलचं कूपन, म्हणजे "जेवणावर 10 टक्के" वगैरे, ते विभागणीच्या आधी लावायला सांगा. मग सिस्टीम ते प्रत्येक पदार्थावर त्याच्या किमतीच्या प्रमाणात उतरवते. ताईंच्या 370 वर 37 कमी होतात, मुलाच्या 310 वर 31, आणि बिअर तशीच राहते. नंतर लावलंत तर ते शेवटी भरणाऱ्या एकट्याच्या हिश्शातून उतरतं. बँकेच्या कार्डावरची सवलत मात्र वेगळी. "2000 च्या वर खरेदी असेल तर" अशी अट असली आणि तुमचा हिस्सा 927 चा असला, तर ती मिळणार नाही. तिथे एकानेच सगळं बिल त्या कार्डावर भरावं आणि बाकीच्यांनी पदार्थांप्रमाणे आपला हिस्सा, सवलत वजा करून, त्याला पाठवावा. आम्ही प्रत्येकाच्या हिश्शाचा कागद पेमेंट न घेता नुसता छापून देतो. मागितला तर कोणतंही बरं हॉटेल देईल.

सगळ्यांचं भरून झालं की लगेच उठून गाडीकडे जाऊ नका. काउंटरवर या आणि "टेबल बाराची बाकी शून्य झाली का?" एवढं विचारा. भरलेल्या बिलाच्या कागदावर खाली पाच ओळी छापलेल्या असतात, दोन कार्डांच्या, शेवटच्या चार आकड्यांसकट, आणि तीन यूपीआयच्या. त्यात आपली ओळ बोटाने शोधा. चार ओळी असतील तर कोणाची तरी राहिली आहे, आणि तो माणूस अजून पायऱ्यांवर चपला घालत असतो, हाक मारली तर ऐकू जाते.